क्ष-किरण विवर्तन आणि काळ्या मातीतील प्रतलांतर

स्फटिकातील अणू समांतर प्रतलांत, ठरावीक अंतराने मांडलेले असतात. क्ष-किरणांची तरंगलांबी या अंतराच्या जवळपास असल्याने लागोपाठच्या प्रतलांवरून परतणाऱ्या किरणांचा ताळमेळ काही ठरावीक कोनांतच जमतो आणि तिथे शिखर दिसते. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये मांडलेला नियम असा:

nλ = 2d sin θ

येथे d हे प्रतलांतर, λ तरंगलांबी आणि n हा विवर्तनाचा क्रम. θ हा किरणाने प्रतलाशीच केलेला कोन आहे. प्रकाशशास्त्राप्रमाणे तो लंबापासून मोजायचा नाही.

कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) परिसरासारख्या, दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या जमिनी पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात भेगाळतात. याला स्मेक्टाइट गटातील खनिजे कारणीभूत आहेत. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते व प्रतलांतर वाढते. म्हणून अशा मातीची ओळख पटवण्यासाठी हे अंतर मोजणे हीच सर्वांत खात्रीची कसोटी ठरते.

त्यासाठी २ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण पाण्यात निवळून वेगळे करतात, मॅग्नेशियमच्या क्षारद्रावणाने संपृक्त करतात आणि काचपट्टीवर पसरून वाळवतात. कण आडवे बसल्याने पापुद्र्यांची शिखरे ठळक येतात. तांब्याच्या नळीतील किरणांची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर असते. समजा, पहिल्या क्रमाचे शिखर ६.०° वर आले. उपकरण 2θ दाखवते, म्हणून θ = ३.०° आणि त्याची ज्या ०.०५२३४. त्यावरून,

d = ०.१५४०६ ÷ (२ × ०.०५२३४) = १.४७ नॅनोमीटर.

कोन निम्मा करायचे राहिले तर उत्तर ०.७४ येते आणि स्मेक्टाइट केओलिनाइटसारखे भासते, कारण केओलिनाइटचे प्रतलांतर सुमारे ०.७२ आहे. उत्तर अशक्य वाटत नसल्याने ही चूक सहज निसटते.

एवढ्याने निर्णय होत नाही, कारण क्लोराइटचे शिखरही १.४ नॅनोमीटरच्या आसपासच असते. म्हणून तीच काचपट्टी इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवतात. शिखर ५.२° वर सरकले तर d १.७० होते, म्हणजे पापुद्रे फुगले. क्लोराइट जागचे हलत नाही. पुढे ५५०° सेल्सिअसला तापवल्यावर स्मेक्टाइटचे शिखर ८.८४° वर येते आणि अंतर आक्रसून १.०० होते.

लहान कोनांत मापनाची चूक फार महागात पडते. पहिल्या शिखराचे वाचन ६.० ऐवजी ६.१° झाले, तर d १.४७ वरून १.४५ वर येते. काचपट्टी उपकरणात किंचित वरखाली बसली तरी असा फरक पडू शकतो. नमुन्यात क्वार्ट्झ असल्यास त्याचे २६.६४° चे शिखर पडताळणीस उपयोगी पडते, कारण त्याचे ०.३३४ नॅनोमीटर हे अंतर ग्लायकॉलने बदलत नाही.