पंचमाचं वर्तुळ आणि सायखेड्याची पेटी

परवा सायखेड्याला घरी गेलो होतो. कीबोर्ड शिकणारा पुतण्या वैतागलेला. "काका, कुठल्या स्केलला किती शार्प, पाठच होत नाही." म्हटलं, पाठ करू नकोस, पेटी काढ.

पांढरी एकचा सा धरून बिलावल वाजवला, तर सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या लागतात. हे सी मेजर. आता त्याचा पंचम, म्हणजे पांढरी पाच (जी), हा सा करा. सहा सूर तेच चालतात, फक्त पांढरी चार खटकते, कारण ती नव्या साचा कोमल नी होते. शुद्ध नी हवा तर काळी तीन, म्हणजे एफ शार्प. हाच पहिला शार्प. पुढचा पंचम पांढरी दोन (डी): आधीचा शार्प राहतो, काळी एक वाढते. प्रत्येक पंचमाला एक शार्प, आणि नवा शार्प हा नेहमी नव्या साचा नी!

उलट मध्यमाकडे गेलात की फ्लॅट वाढतात. पांढरी चारला (एफ) पांढरी सातऐवजी काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट. नवा फ्लॅट नव्या साचा मध्यम.

जर्मनीतल्या हायनिशेनने १७२८ च्या पुस्तकात असं वर्तुळ छापलं, पण मेजर-मायनर आलटून पालटून. केल्नरने १७३७ मध्ये दोन्हींची वेगळी वर्तुळं केली. तरी एक मेख उरतेच: एक शार्प म्हणजे जी मेजर किंवा ई मायनर. ते मात्र चाल कुठे विसावते ते ऐकूनच ठरवायचं.

पुतण्याने ए मेजरचे तीन शार्प न विचारता सांगितले.