न जाणारी फिकट रेघ

1923 साली कलकत्त्यात रामन यांचे शिष्य रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात एक फिकट, परका रंग दिसला. वाटलं, पाण्यात मळ असेल. पुन्हापुन्हा शुद्ध केलं, तरी तो रंग काही जाईना!

1928 मध्ये रामन आणि कृष्णन यांनी त्याचा छडा लावला. बेंझीनवर पाऱ्याच्या दिव्याचा 435.8 नॅनोमीटरचा निळा प्रकाश पाडला, तर त्यातला अगदी थोडा 455.5 चा होऊन बाहेर पडतो. थरथरण्यापुरती ऊर्जा रेणू ठेवून घेतो. ऊर्जा घटली की तरंगलांबी वाढते.

मग हा मळ नव्हे कशावरून? दिव्याचा रंग बदला, नवी रेघही सोबत सरकते. ऊर्जेची वजावट मात्र तेवढीच. मळाची चमक अशी मागोमाग येत नाही.