दिल्लीच्या ई-रिक्षाचा जमाखर्च, कागदांवरून

ई-रिक्षाचालक रोजची वही ठेवत नाही. त्यामुळे 2019-20 च्या सुमाराचा त्याचा दिवस दुसऱ्यांच्या कागदांतून जुळवावा लागतो. कायदा आणि नियम, वीज नियामक आयोगाचा दर-आदेश आणि बॅटरीवरची पट्टी हे ते कागद. भाडे, फेऱ्या आणि बॅटरीची किंमत यांपैकी कशातच नाहीत. ते आकडे मी गृहीत धरले आहेत आणि जिथे धरले तिथे तसे म्हटले आहे.

आधी मोटर. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार 250 वॅटपेक्षा कमी शक्तीचे आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे बॅटरीवाहन मोटार वाहनच नव्हते. या फटीतूनच दिल्लीत ई-रिक्षा फोफावल्या. पण माणसे धरून गाडीचे वजन सवासहाशे किलोच्या आसपास जाते. रस्ता आणि वारा मिळून तिला साधारण 145 न्यूटनने अडवतात. 250 वॅटची मोटर त्यावर ताशी सहा किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने गेली असती. ताशी 20 किलोमीटरला 800 वॅट लागतात. म्हणजे रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांच्या मोटरी या मर्यादेत बसणे शक्यच नव्हते. जून 2014 मध्ये नितीन गडकरींनी रामलीला मैदानावर 650 वॅटपर्यंतच्या गाड्यांना मोकळीक जाहीर केली. 31 जुलैला उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या आणि 8 ऑक्टोबरला नवे नियम निघाले : चार प्रवासी, 40 किलो सामान, 2000 वॅट, ताशी 25 किलोमीटर. पुढल्या वर्षी कायद्यात आलेल्या कलम 2अ मध्ये मात्र 4000 वॅट आहे. दोन्ही आकडे कमाल मर्यादेचे आहेत. त्यांवरून रोजची वीज काढणे चूक ठरेल.

ती काढायची वरच्याच हिशेबाने. 145 न्यूटन म्हणजे चाकापाशी किलोमीटरला 40 वॅट-तास. मोटर आणि कंट्रोलरमधली गळती धरून बॅटरीतून साधारण 50 जातात. दिवसाची धाव 75 किलोमीटर धरली तर 3.75 युनिट लागतात.

बॅटरीवरची पट्टी नीट वाचली नाही तर इथेच फसगत होते. 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या, प्रत्येकी 100 अँपिअर-तास, म्हणजे 4.8 युनिट. कागदावर पुरेसे. पण पट्टीवरचा आकडा बहुधा 20 तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो. रिक्षा तीच बॅटरी चार-पाच तासांत पिते आणि शिसे-आम्लाची बॅटरी अशा घाईत सुमारे 80 टक्केच देते. उरले 3.85 युनिट. म्हणजे 75 किलोमीटरला ती तळाशी जाते आणि रोज तळाशी गेलेली बॅटरी लवकर मरते. 130 अँपिअर-तासांचा संच घेतला तर हाती पाच युनिट येतात आणि पाव भाग शिल्लक राहतो. 100 चाच संच असेल तर साठ किलोमीटरनंतर दुपारी चार्जिंगला लावायलाच हवी.

आता पैसे. 2019 च्या जुलैअखेरच्या आदेशात दिल्लीच्या आयोगाने लघुदाबावर वाहन-चार्जिंगला युनिटमागे 4 रुपये 50 पैसे दर ठेवला. चार्जर आणि बॅटरीतली गळती धरून 3.75 युनिटांसाठी भिंतीतून सुमारे 5.4 युनिट घ्यावी लागतात. खर्च 24 रुपये. तीन किलोमीटरच्या मार्गावर 25 फेऱ्या, सरासरी तीन प्रवासी, माणशी दहा रुपये धरले तर गल्ला 750. विजेचा खर्च वजा केला तर 726 उरतात. जाहिरातीत शोभेल असा हा आकडा.

त्यात बॅटरी नाही. संच 40,000 चा, मोडीत परत 10,000 आणि आयुष्य 300 कामाचे दिवस असे धरले तर रोजचे शंभर रुपये झिजतात, म्हणजे विजेच्या चौपट. हाती 626 राहतात. शिवाय आदेशातला दर त्या वर्गाच्या जोडणीवरचा आहे. घरी जागा नसलेला चालक रात्री गॅरेजात गाडी लावतो आणि तिथे मीटर न पाहता रोजचा एकच ठोक आकार देतो. विजेच्या 24 रुपयांऐवजी तो 120 रुपये धरला तर 530 उरतात. गाडी 300 रुपये रोजाने घेतलेली असेल तर 230.

हे आकडे गृहीतकांसकट बदलतील, पण त्यांचा क्रम सहसा बदलणार नाही. भाड्याच्या गाडीवर मालकाचा रोज सर्वांत मोठा, मग गॅरेज आणि बॅटरी, सर्वांत शेवटी वीज. त्यामुळे चार्जिंगचा खर्च वजा करून सांगितलेला नफा हा नफा नव्हे. त्यातून बॅटरीची झीज आणि गाडीचा रोज वजा झाला आहे का, हे आधी विचारावे.