दांडूचा टोला आणि हाताचा झणका

लोहा-कंधार भागातल्या कुठल्याही गावच्या मोकळ्या रानात विटीदांडूचा डाव पाहा. बाभळीच्या दांडूने पोरगं विटी उडवतं आणि हवेतच टोला हाणतं. एक टोला असा बसतो की विटी पार बांधापलीकडे जाते आणि हाताला काही कळतसुद्धा नाही. दुसरा टोला दांडूच्या अगदी शेंड्याला लागतो, आणि झणका थेट कोपरापर्यंत जातो. जोर तोच, दांडू तोच. मग हा फरक कशाने पडला?

या प्रश्नाचा इतिहास पॅरिसमधल्या एका साधूपाशी सुरू होतो. मारँ मर्सेन हे त्याचे नाव. तो विद्वानांना पत्रे लिहून कोडी घाली. त्याचे एक कोडे असे होते : दोरीला टांगलेला छोटा गोळा झुलतो, आणि एका टोकाला टांगलेली काठीही झुलते. मग किती लांबीच्या दोरीचा गोळा काठीच्या बरोबरीने झुलेल? देकार्त आणि रोबेर्व्हाल या दोन मोठ्या गणितज्ञांनी १६४६ च्या सुमारास यावर डोके चालवले. पण त्यांचे एकमत झाले नाही. त्याच सुमारास मर्सेनने हेच कोडे हॉलंडमधल्या ख्रिस्तियान हायगेन्स नावाच्या सतरा वर्षांच्या मुलापुढे ठेवले. पुढे १६७३ साली लंबकाच्या घड्याळावरील आपल्या ग्रंथात हायगेन्सने त्याचे उत्तर दिले.

त्याची युक्ती साधी होती. झुलणारी काठी तळाशी आली की तिचे तुकडे सुटे झाले आणि प्रत्येक तुकडा आपल्या वेगाने वर गेला, असे समजा. तरीही सगळ्या तुकड्यांचा मिळून गुरुत्वमध्य जेवढा खाली आला होता, त्याहून वर जाऊ शकत नाही. एवढ्या एका तत्त्वावरून नियम निघाला. सारख्या जाडीच्या काठीसाठी दोरीची लांबी काठीच्या दोनतृतीयांश असते. साठ सेंटिमीटरच्या दांडूला हा बिंदू टांगलेल्या टोकापासून चाळीस सेंटिमीटरवर येतो.

आता गंमत पाहा. झुलण्याच्या हिशोबातून निघालेला हा बिंदूच टोल्याचाही बिंदू आहे. त्याला आघातकेंद्र म्हणतात. ते कसे?

टोला बसताना विटी दांडूला मागे रेटते. या रेट्याने दोन गोष्टी होतात. एक, सगळा दांडू मागे सरकतो. दुसरी, तो आपल्या मध्याभोवती फिरू पाहतो. शेंडा मागे गेला की मुठीकडचे टोक पुढे येते. म्हणजे मुठीवर दोन उलट ओढी असतात. विटी बरोबर मध्यावर लागली, तर फिरणे होतच नाही आणि मूठ मागे ढकलली जाते. मध्यापासून शेंड्याकडे दहा सेंटिमीटर सरकले की मुठीकडच्या टोकाची फिरण्याची ओढ मागच्या रेट्याएवढी होते. दोन्ही फिटतात, आणि मूठ जागच्या जागी राहते. हेच ते चाळीस सेंटिमीटर. अगदी शेंड्याला टोला लागला, तर फिरण्याची ओढ रेट्याच्या तिप्पट होते आणि मूठ पुढे हिसकली जाते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा हिशोब मूठ अगदी टोकाला धरली तरच खरा. मूठ पाच सेंटिमीटर आत घेतली, तर आघातकेंद्र शेंड्याकडे सुमारे दोन सेंटिमीटर सरकते. क्रिकेटच्या बॅटीसारख्या खाली जड असलेल्या वस्तूला दोनतृतीयांशाचा नियम चालत नाही. तिचा बिंदू प्रयोगानेच काढावा. शिवाय सगळा झणका या एका कारणाने येत नाही. टोल्याबरोबर लाकूड थरथरते, आणि ती थरथरही हाताला चावते. दांडूच्या शेंड्यापासून सुमारे तेरा सेंटिमीटरवर एक जागा अशी असते की तिथे मारले असता मुख्य थरथर उठतच नाही. आघातकेंद्र शेंड्यापासून वीस सेंटिमीटरवर. म्हणून सुखाचा टोला हा एका बिंदूचा नसून या दोन जागांमधल्या पट्ट्याचा असतो. कसे ओळखावे? मूठ हिसकली, तर आघातकेंद्र चुकले. बोटांना झिणझिण्या आल्या, तर थरथर लागली.

शिक्षकांनी हे वर्गात अवश्य करून पाहावे. साठ सेंटिमीटरच्या सरळ, सारख्या जाडीच्या काठीच्या टोकाला भोक पाडून ती खिळ्यावर सैल टांगा. शेजारी दोरीला छोटा जड दगड बांधा. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत चाळीस सेंटिमीटर भरले पाहिजेत. दोन्ही थोडेसेच ओढून एकदम सोडा. दोघे जोडीने झुलतील, आणि वीस झोके सुमारे पंचवीस सेकंदांत पुरे होतील. बॅट टांगलीत, तर ती जिच्याबरोबर झुलेल त्या दोरीची लांबी मोजा आणि बॅटीवर तेवढ्या अंतरावर खडूने खूण करा. मग मुलांना त्या खुणेवर आणि खुणेबाहेर चेंडू मारून पाहू द्या. मर्सेनच्या कोड्याचे उत्तर त्यांच्या मनगटालाच कळेल.