अवतरणचिन्हाआधीचं अवतरण

पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने वार्तिकं लिहिली, पण त्या वार्तिकांचा स्वतंत्र ग्रंथ आज कुठेही नाही. त्याची वार्तिकं टिकली ती पतंजलीने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात महाभाष्यात ती उद्धृत केली म्हणून. जुन्या पोथ्यांत मात्र कात्यायनाचं वाक्य कुठे संपलं आणि पतंजलीचं कुठे सुरू झालं, हे दाखवणारी आजच्यासारखी चिन्हं नव्हती. सूत्रकार, वार्तिककार आणि भाष्यकार असे तिघे एकाच ओळीत दाटीवाटीने नांदत होते.

ही दाटी फोडण्याचं काम पुण्यात झालं. फ्रान्झ कीलहॉर्न हा जर्मन पंडित १८६६ पासून डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होता. १८७६ साली त्याने मुंबईत एक छोटेखानी इंग्रजी पुस्तक छापलं आणि कात्यायन, पतंजली आणि पाणिनी यांचं एकमेकांशी नातं काय, हे त्यात मांडलं. पतंजली आधी वार्तिक जसंच्या तसं देतो आणि लगेच तेच म्हणणं आपल्या शब्दांत सोडवून सांगतो, ही लकब त्याला फार उपयोगी पडली. वार्तिक आखूड असतं. त्यात समास ठासलेले असतात आणि क्रियापद बहुधा नसतंच. त्यामागून येणारं वाक्य समास उलगडतं, गाळलेलं क्रियापद भरतं आणि कारण विचारून कारण सांगतं. तेव्हा एकच गोष्ट लागोपाठ दोनदा आली, आधी आवळलेली आणि मग मोकळी, तर पहिली कात्यायनाची आणि दुसरी पतंजलीची. या आणि अशा खुणांवरून ४,००० हून अधिक वार्तिकं वेगळी काढता आली. १८८० ते १८८५ या काळात कीलहॉर्नने महाभाष्याची जी आवृत्ती काढली, तिच्यात त्यांना क्रमांकही मिळाले.

म्हणजे अवतरण ओळखू आलं ते शेजारच्या भावानुवादामुळे. अर्थात या कसोटीलाही मर्यादा आहेत. पतंजली प्रत्येक वेळी उलगडून सांगतोच असं नाही. शिवाय तो इतरांचे श्लोकही घेतो. अशा जागी हे वाक्य नक्की कुणाचं, यावर अभ्यासकांचे वाद आजही होतात.

पतंजली मूळ शब्द कधी धरून ठेवतो, हेही पाहण्यासारखं आहे. पहिल्याच वार्तिकातल्या ‘सिद्ध’ या शब्दापाशी तो थांबतो. याचा अर्थ नित्य की तयार केलेलं? आकाश सिद्ध आहे आणि पृथ्वी सिद्ध आहे, असं आपण म्हणतो. पण भात सिद्ध आहे, वरण सिद्ध आहे, पेज सिद्ध आहे, असंही म्हणतो, आणि भात काही अनादिकाळापासून चुलीवर नसतो. मग कात्यायनाने सरळ ‘नित्य’ हा शब्द का घातला नाही? पतंजलीचं एक उत्तर असं, की ग्रंथाच्या आरंभी मंगल शब्द यावा म्हणून. इथे भावानुवाद करून चाललंच नसतं. ‘सिद्ध’च्या जागी ‘नित्य’ घातला की चर्चेचा विषयच नाहीसा होतो. ज्या शब्दावर पुढे बोट ठेवायचं आहे, तो तसाच उचलावा लागतो.

सारांशाची जुनी आणि झणझणीत उदाहरणं कौटिल्याकडे सापडतात. मंत्रिपरिषदेत अमात्य किती असावेत? मानवांच्या मते बारा, बार्हस्पत्यांच्या मते सोळा, औशनसांच्या मते वीस. कौटिल्याचं मत, सामर्थ्य पाहून ठरवावं. तीन संप्रदायांची मतं तीन आकड्यांत आटोपली, त्यांची कारणं दिलेली नाहीत. अर्थशास्त्राच्या शेवटच्या अधिकरणात ग्रंथ रचण्याच्या बत्तीस युक्त्या सांगितल्या आहेत. ‘अमुक असं म्हणतो’ असं दुसऱ्याचं मत मांडण्याच्या युक्तीला तिथे अपदेश म्हटलं आहे, आणि उदाहरण म्हणून हाच मंत्र्यांचा हिशोब दिला आहे.

पण अमात्य कुणाला नेमावं, या प्रश्नावर तोच कौटिल्य हात सैल सोडतो. भारद्वाज म्हणतो, सहाध्यायी नेमावेत, कारण त्यांची सचोटी आणि कुवत राजाने पाहिलेली असते. विशालाक्षाला हे पटत नाही. बरोबर खेळलेले लोक राजाला जुमानत नाहीत. त्यापेक्षा ज्यांची गुपितं राजाला ठाऊक आहेत असे नेमावेत, ते धाकात राहतील. पराशर त्यावर म्हणतो, हा दोष दोन्हीकडे सारखाच, कारण राजाचीही गुपितं त्यांना ठाऊक असल्याने तोच त्यांच्या मुठीत जाईल. इथे प्रत्येकाचं कारण आलं आहे, कारण पुढचा माणूस त्या कारणावरच हल्ला करणार आहे. आकडा खोडायला आकडा पुरतो. युक्तिवाद खोडायचा तर तो आधी नीट मांडावा लागतो. आता या मंडळींचे ग्रंथ मुळातून हाती नाहीत, त्यामुळे कौटिल्याने त्यांना न्याय दिला की नाही, हे ताडून पाहता येत नाही. सारांश करणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, ते इथे कळतं.

संस्कृतात आपलं आणि दुसऱ्याचं बोलणं जोडणारे हे सांधे ‘इति’ने जुळत. मराठीत ते काम ‘असं’, ‘म्हणून’ आणि ‘की’ करतात. उलटे स्वल्पविराम इंग्रजीच्या वाटेने आले. १८५० च्या सुमारास मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हांवर मराठीत पुस्तिका लिहिली आणि छापील मराठीत ही चिन्हं हळूहळू रुळली. पण सांधा जुळवण्याचं काम चिन्हाने केलं नाही, ते अजून वाक्याकडेच आहे.

समजा, टंचाईच्या गावातली एखादी बाई वार्ताहराला सांगते, ‘टँकर आला तर आला, नाही तर विहिरीचा तळ खरवडायचा.’ बातमी तिच्या रोजच्या हालांची असेल, तर ‘विहिरीचा तळ खरवडायचा’ एवढेच शब्द उचलावेत आणि टँकर न आल्याचं आपल्या शब्दांत सांगावं. तिला टँकरचा भरवसा नाही एवढंच सांगायचं असेल, तर भावानुवाद पुरे. अशा दहा घरांचं गाऱ्हाणं एकच असेल, तर पाण्याची सोय बेभरवशाची आहे हा एका वाक्याचा सारांश बास.

फसगत होते ती ‘मी’पाशी. ‘सरपंच म्हणाले, की मी पाहणी केली’ या वाक्यात ‘की’ असूनही ‘मी’ सरपंचच आहे. मराठी असा ‘मी’ सहज खपवून घेते. पण याच मजकुरात वार्ताहरही ‘मी’ म्हणून वावरत असेल, तर वाचक अडखळतो. तिथे ‘पाहणी केल्याचं सरपंचांनी सांगितलं’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. दुसरी अडचण विभक्तीची. उद्धृत शब्दाला प्रत्यय चिकटवला की त्याचं रूप बदलू शकतं, म्हणून ‘खरवडायचा’ या शब्दाचा, असा दांडा लावून तो धरावा. पतंजलीही ‘सिद्ध’ला ‘शब्द’ जोडून असंच करतो. आणि लांबलचक अवतरणानंतर अगदी शेवटी ‘असं ते म्हणाले’ आलं, तर वाचकाला बोलणारा कोण हे कळेपर्यंत श्वास रोखून बसावं लागतं. अशा वेळी नाव आधी द्यावं.

वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्याचं मराठी भाषांतर केलं आहे. त्यातलं पस्पशाह्निक हे पहिलं आह्निक उघडा. भाताची आणि आकाशाची ती चर्चा तिथेच आहे, आणि वाचताना कोणतं वाक्य कुणाचं, हे पेन्सिलने खुणा करत जाता येतं.