सामूहिक भेटीची वर्गणी नेमकी जमा कुठे होते?

मावशीच्या साठीनिमित्त बारा भाचवंडांनी १८ हजार रुपयांचे वॉशिंग मशीन घ्यायचे ठरवल्यास प्रत्येकाचा वाटा १,५०० रुपये होतो. यूपीआय ॲपमधील गटात हा हिशेब मांडता येतो. मात्र पैसे त्या गटात साठत नाहीत. प्रत्येक वाटा स्वतंत्र व्यवहाराने थेट वर्गणी जमवणाऱ्याच्या बँक खात्यात जातो. साहजिकच दोघांचे पैसे राहिले, तर खरेदीच्या वेळी तीन हजारांची तूट त्यालाच सोसावी लागते. बेत रद्द झाल्यास परतफेडही त्याच्याच माथी येते.

पूर्वी वर्गणीदाराला पैशांची मागणी पाठवता येत असे. त्याने पिन टाकताच रक्कम वळती होई. या सोयीआडून फसवणूक होऊ लागल्याने नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५पासून व्यक्ती-व्यक्तींमधील अशी मागणी बंद केली. आता रक्कम नमूद केलेला क्यूआर कोड गटात पाठवता येतो आणि तो स्कॅन करून प्रत्येकजण आपला वाटा भरतो.

पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. तो बनावट असू शकतो किंवा व्यवहार प्रलंबित असू शकतो. रक्कम खात्यात दिसल्यावरच व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक वर्गणीदाराच्या नावापुढे नोंदवावा.