घरी मराठी, शाळेत इंग्रजी : मूल उशिरा बोलतंय, तर दोष दोन भाषांचा का?

परदेशी राहणाऱ्या मुलांचे आईवडील सुट्टीत इकडे आले की आजी-आजोबांच्या बीपीच्या तपासणीबरोबर एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, नातू अजून नीट बोलत नाही. तिकडच्या डे-केअरच्या बाई म्हणतात, घरी मराठी बंद करा, मूल गोंधळतंय. करावं का बंद?" कधी याच्या नेमकं उलट ऐकू येतं : "दोन भाषा आहेत ना, म्हणून उशीर होतोय. येईल आपोआप." दोन्ही वाक्यांत एक गोष्ट सारखीच आहे, ती म्हणजे दोष दोन भाषांवर टाकलेला आहे. ही समजूत जवळपास शंभर वर्षं जुनी आहे. ती कशी तयार झाली हे कळलं, तर तुमच्या मुलाच्या बाबतीत काय मोजायचं हेही कळेल.

वेल्समध्ये घरी वेल्श आणि शाळेत इंग्रजी बोलणारी पुष्कळ मुलं होती. 1923 साली डी. जे. सेअर यांनी तिथल्या सुमारे 1400 शाळकरी मुलांच्या बुद्धिमापनाचे निकाल प्रसिद्ध केले. खेड्यांत दोन भाषा बोलणाऱ्या मुलांना एकभाषी मुलांपेक्षा कमी गुण पडले. निष्कर्ष निघाला की दोन भाषांमुळे मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो. पण त्याच अभ्यासात शहरातल्या मुलांमध्ये असा फरक जवळजवळ दिसला नव्हता. दोन भाषांनी मेंदूवर ताण पडत असता, तर तो शहरातही पडायला हवा होता. फरक बहुधा घरची परिस्थिती, आईवडिलांचा व्यवसाय आणि शाळेबाहेर कानावर पडणारं इंग्रजी यांचा होता. यांचा हिशेब मात्र नीट झाला नाही.

अमेरिकेतही तेच घडलं. 1926 मध्ये फ्लॉरेन्स गुडइनफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्थलांतरित समाजांचे आकडे मांडले. ज्या समाजात घरी मूळ भाषा जास्त टिकून होती, त्यांच्या मुलांचे गुण कमी होते. त्यांना याचे दोन अर्थ दिसले : एकतर परक्या भाषेने बुद्धी मागे पडते, किंवा मुळात कमी बुद्धीचे लोक नवी भाषा लवकर शिकत नाहीत. त्यांचा कल दुसऱ्या अर्थाकडे होता! परीक्षाच इंग्रजीत वाढलेल्या मुलासाठी बनवलेली असू शकते, हा साधा तिसरा अर्थ बाजूला राहिला. "घरी इंग्रजीच बोला" हा सल्ला याच काळात शिक्षकांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडी रुळला.

चित्र बदललं ते 1962 मध्ये, कॅनडातल्या माँट्रियल शहरात. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी फ्रेंच शाळांतली 10 वर्षांची मुलं घेतली, घरची आर्थिक स्थिती सारखी आहे ना हे आधी पाहिलं, आणि मग तुलना केली. दोन भाषा बोलणारी मुलं मागे नव्हती, उलट बऱ्याच चाचण्यांत पुढे होती. अर्थात दोन्ही भाषा चांगल्या येणारीच मुलं त्यांनी निवडली होती, त्यामुळे "दोन भाषांनी मूल हुशार होतं" हेही त्यावरून सिद्ध होत नाही. तसे दावे व्हॉट्सॲपवर फिरतात, ते मी फार मनावर घेत नाही. आपल्याला हवं होतं ते एवढंच, की नुकसान होत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी काम 1993 मध्ये मायामीहून आलं. बार्बरा पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पॅनिश आणि इंग्रजी ऐकत वाढणाऱ्या 25 बाळांचे शब्द मोजले. एकाच भाषेतले मोजले तर बाळ मागे वाटायचं. दोन्ही भाषांतले एकत्र मोजले की ते एकभाषी मुलांच्या बरोबरीत यायचं. त्या शंभर वर्षांच्या वादाचं सार मला इथे सापडतं : मुलाचं अर्धंच बोलणं मोजलं जात होतं.

हे घरी कसं करायचं, ते एका उदाहरणाने पाहू. (नावं बदलली आहेत, आणि तपशील दोन-तीन कुटुंबांचे एकत्र केले आहेत.)

रेवा न्यू जर्सीत राहते, वय बरोबर 2 वर्षं. घरी आई, बाबा, आजी मराठी बोलतात, दिवसभर डे-केअरमध्ये इंग्रजी. डे-केअरने कळवलं की तिला 24 च शब्द येतात. साधारण दंडक असा आहे की 2 वर्षांच्या मुलाला निदान 50 शब्द यावेत आणि दोन शब्द जोडता यावेत. म्हणजे रेवा नापास! मी आईला सांगितलं, एक वही करा, आठवडाभर आजीलाही लिहायला बसवा. जो शब्द मूल आपणहून, अर्थ समजून, पुन्हा पुन्हा वापरतं तो मोजायचा. उच्चार बोबडा असला तरी चालेल. "भूभू" आणि "मम्मम" हेही शब्दच. आपण म्हटलं की मागून म्हणते, तो मोजायचा नाही. वहीत मराठी 38 शब्द भरले. 38 आणि 24 मिळून 62. त्यातल्या 11 गोष्टींना तिच्याकडे दोन्ही भाषांतले शब्द होते, जसं "पाणी" आणि "वॉटर". ते एकदाच धरले तरी 51 वेगवेगळ्या गोष्टींना तिच्याकडे नाव आहे. शिवाय ती "आजी ये" आणि "मोअर मम्मम" म्हणते. दुसऱ्यात दोन भाषांची खिचडी आहे, पण दोन शब्दांची जोडणी म्हणून ती पूर्ण धरायची. दोन भाषांत वाढणारी सगळीच मुलं अशी सरमिसळ करतात, आणि आपण मोठेही "मीटिंग कॅन्सल झाली" म्हणतोच की. रेवाला काही झालेलं नव्हतं.

अशा आणखी दोन-तीन गोष्टींनी पालक उगाच घाबरतात. मुलगा "मी जाते" म्हणतो, कारण घरात मराठी मुख्यतः आईकडूनच ऐकतो. मूल मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत देतं. हा भाषा मागे पडण्याचा प्रश्न आहे, वाचेच्या आजाराचा नाही. नुकतंच शाळेत गेलेलं मूल तिथे काही आठवडे, कधी काही महिनेही, गप्प राहतं. ते खेळत असेल, खुणा करत असेल, आणि घरी येऊन मराठीत बडबडत असेल, तर वाट पाहायला हरकत नाही.

आता अर्जुन. वय 2 वर्षं 8 महिने, तेही कुटुंब अमेरिकेतलंच. वहीत मराठी 12 शब्द, इंग्रजी 9, आणि दोन शब्द जोडलेलं एकही वाक्य नाही. दोन्ही मिळून 21. इथे मोजण्याची पद्धत बदलून काही फरक पडत नाही. तरीही घरात सगळे निर्धास्त होते, कारण "दोन भाषा आहेत, मुलगा आहे, त्याचे बाबाही उशिराच बोलले." मग डे-केअरच्या सांगण्यावरून तीन महिने घरी फक्त इंग्रजी बोलून पाहिलं. आजीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे जी दिवसभर त्याच्याशी बोलायची तीच गप्प झाली. आई-बाबांचं इंग्रजी ऑफिसचं. अंगाई, रागावणं, लाड करणं त्यांना त्या भाषेत जमेना. शब्द तेवढेच राहिले.

लक्षात ठेवा : दोन भाषांमुळे एका भाषेत मूल कमी दिसू शकतं, दोन्ही भाषांत नाही. उशीर दोन्हीकडे असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं, आणि पहिल्यांदा कानात शोधायचं. जन्मतः केलेली श्रवणचाचणी पास झाली होती, एवढ्यावर थांबू नका. अर्जुनच्या दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. सर्दीच्या मुलांमध्ये हे पुष्कळदा होतं, दुखतही नाही, फक्त आवाज कानात बोळा घातल्यासारखा येतो. कानांवर उपचार झाले, शब्द वाढले, पण वाक्यं तरीही मागेच राहिली. म्हणजे ऐकण्याखेरीज भाषा शिकण्याचीच मूळ अडचण होती, आणि तिची थेरपी सुरू आहे. अशी अडचण शंभरात साधारण सात मुलांना असते, मग घरी एक भाषा असो वा दोन. योहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ही अडचण असलेल्या फ्रेंच-इंग्रजी मुलांची तशाच एकभाषी मुलांशी तुलना केली, तेव्हा दोन भाषांनी त्यांच्या चुकांत भर पडलेली दिसली नाही. म्हणून अर्जुनच्या घरी मराठी पुन्हा सुरू केलं, आणि आजी आता थेरपीचे खेळ मराठीत घेते.

मग थांबायचं कुठपर्यंत? बाळ वर्षाचं होऊनही बोट दाखवत नाही किंवा हाका मारल्या तरी वळत नाही, दीड वर्षापर्यंत कोणत्याही भाषेत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, 2 वर्षांना दोन्ही भाषा मिळून 50 शब्द किंवा दोन शब्दांची जोडणी नाही, 3 वर्षांना मराठी येणाऱ्या परक्या माणसालाही बहुतेक बोलणं कळत नाही, यांतलं काहीही असेल तर तपासणी करा. येत असलेले शब्द किंवा नजर देणं कोणत्याही वयात बंद झालं, तर एक आठवडाही थांबू नका.

अमेरिकेत 3 वर्षांखालच्या मुलासाठी "अर्ली इंटरव्हेंशन" ही सरकारी सोय आहे. तिथे आईवडील स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, तपासणीचे पैसेही पडत नाहीत. नाव नोंदवल्यापासून 45 दिवसांत मूल्यमापन आणि पहिली बैठक व्हावी असा नियम आहे. 3 वर्षं पूर्ण झाली की जबाबदारी तिथल्या शाळा-विभागाकडे जाते, आणि त्यांना लेखी अर्ज करावा लागतो. म्हणून 2 वर्षं 8 महिन्यांना "दिवाळीनंतर बघू" म्हणणं महागात पडतं.

तिथे एक हक्क जरूर वापरा. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात एका खटल्यात नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांची बाजू मांडली गेली. इंग्रजी चाचण्यांवरून त्यांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात बसवलं होतं. स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासल्यावर बहुतेकांचे गुण पुष्कळ वर गेले. पुढे 1975 च्या कायद्यात मुलाच्या स्वतःच्या भाषेत तपासणीचं कलम आलं, ते आजही आहे. फोनवरच सांगा, "घरची भाषा मराठी आहे, दुभाषी हवा." मराठीत प्रमाणित चाचण्या फारशा मिळत नाहीत, त्यामुळे तपासणाऱ्या व्यक्तीला तुमच्या माहितीवर बराच भर द्यावा लागतो. दोन रकान्यांची शब्दांची वही, मूल घरी मराठीत बोलत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ, आणि कोण किती तास कोणत्या भाषेत बोलतं याची यादी सोबत न्या. आजी तिकडे असतील तर त्यांनाही न्या. मुलाला काय कळतं हे त्यांना सगळ्यात जास्त ठाऊक असतं.